माणूस गोरा केला का? : एका तपासयादीचं रसग्रहण

अमरावतीतल्या एका फोटो एडिटिंगच्या वर्गात मुलं एकमेकांची कामं एका यादीवरून तपासतात. यादी अर्ध्या पानाची आहे आणि तिच्यात चारच खाती आहेत: कड, उजेड, पर्स्पेक्टिव्ह आणि कातडीचा रंग. ‘छान’ किंवा ‘जमलं नाही’ लिहायला तिच्यात जागाच ठेवलेली नाही. प्रत्येक ओळ नजर कुठे टेकवायची तेवढं सांगते. मला ती आवडली ती यामुळे.

ती वाचायची तर समोर एखादं काम हवं. अकोल्याच्या स्टुडिओत हिरव्या पडद्यापुढे काढलेलं नवरा-नवरीचं जोडपं उचलून नरनाळ्याच्या महाकाली दरवाजासमोर उभं केलेला फोटो घेऊ. पांढऱ्या वालुकाश्मातल्या त्या दरवाजाच्या दोन्ही बाजूंना जाळीदार सज्जे पुढे आलेले आहेत. लग्नाच्या अल्बमसाठी याहून देखणी पार्श्वभूमी जवळपास मिळणार नाही.

यादीची पहिली ओळ म्हणते, ‘केस आणि पदर २०० टक्क्यांवर बघा.’ ते बरोबरच आहे. हिरवा पडदा केसांच्या टोकांवर आपला रंग सोडतो, आणि मागे पांढरा दगड आला की ती हिरवी झाक उठून दिसते. फोटोशॉपमध्ये Select and Mask मधलं Decontaminate Colors ती बरीचशी काढतं. पण जरीच्या पदराची कड सुरीने कापल्यासारखी ताठ राहिली, तर मास्क किंचित मऊ करावा लागतो. किती, तर त्याच फोटोतली दगडाची कड जेवढी मऊ आहे तेवढाच.

उजेडाची ओळ अधिक चतुर आहे: ‘नाकाची सावली कुठे पडते आणि सज्जाची कुठे?’ स्टुडिओतला उजेड डावीकडून, सॉफ्टबॉक्समधून आलेला, त्यामुळे सावलीची कड विरघळलेली. दरवाजावर मात्र उजवीकडून वैशाखाचं ऊन, जाळीची सावली रेखीव. जोडपं आडवं उलटवलं तर दिशा जुळते, पण नवरीच्या साडीचा पदर दुसऱ्या खांद्यावर जातो, आणि ते आधी घरातल्या बायकांच्या लक्षात येतं. शिवाय उलटवून सावलीचा मऊपणा काही जात नाही. तेव्हा ढगाळ दिवसाचा दरवाजा शोधणं हाच खरा उपाय. पायाखालची सावलीही इथेच तपासायची. तळव्याला चिकटून ती गडद हवी आणि दूर जाताना फिकट व्हायला हवी. ती नसली की वर्गातलं एखादं पोट्टं म्हणतंच, “नवरदेव तरंगून रायला ना बे!”

तिसरी ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते: ‘क्षितिज माणसाला कुठे कापतं?’ दरवाजामागे क्षितिज दिसत नाही, तरी ते सापडतं. सज्जांच्या आत जाणाऱ्या आडव्या रेषा पुढे वाढवायच्या. त्या जिथे एकत्र येतात, त्या उंचीवर फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा होता. समजा तो डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून पाच फुटांवर धरला होता. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला क्षितिज मग पाच फुटांवरच कापणार. आपल्या कामात ते नवरदेवाच्या छातीवरून गेलं. छाती साधारण पाऊण उंचीवर असते, म्हणजे नवरदेव साडेसहा फुटांच्या वर निघाला! त्याला लहान करून आकार जुळेल. पण स्टुडिओत कॅमेरा कमरेच्या उंचीवर असेल, तर हनुवटी खालून दिसते. ते कोणत्याही टूलने सुधारत नाही, फोटोच पुन्हा काढावा लागतो. गडाच्या चढावर हा हिशेब सरळ लागू होत नाही. कॅमेऱ्याची जमीन आणि जोडप्याची जमीन एकाच पातळीवर असली तरच तो खरा. यादीत ही अट नाही. ती असायला हवी होती.

शेवटची ओळ थेट आहे: ‘माणूस गोरा केला का? मान आणि हात बघा.’ चेहरा उजळवताना मान विसरली जाते, आणि मेंदीचे हात तर नेहमीच. गाल, मान, मनगट या तिन्ही ठिकाणी आयड्रॉपर लावावा. सामान्य उजेडात कातडीत लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा असा क्रम येतो, सावळ्या माणसाचाही आणि गोऱ्याचाही. तिन्ही जागांचे आकडे कमीजास्त असले तरी त्यांचं आपसातलं प्रमाण जवळपास सारखं राहायला हवं. गालावर निळा चढून लालाच्या जवळ गेला, तर चेहरा पावडर थापल्यासारखा राखाडी दिसतो. हळदीच्या दिवशीच्या फोटोला मात्र ही कसोटी लावू नये.

माझा मतभेद आहे तो क्रमाशी. यादी कडेपासून सुरू होते, कारण चूक डोळ्याला तिथे आधी खुपते. पण पर्स्पेक्टिव्ह चुकलं असेल, तर केसांवर घालवलेला अख्खा तास वाया जातो. ही यादी वर्गात वापरणार असाल, तर तिसरी ओळ उचलून पहिली करा.