आर.ओ.चे पाणी: हिशेब काय सांगतो?

आर.ओ.च्या पाण्याने हाडे ठिसूळ होतात, असे काही जण ठामपणे सांगतात. क्षार अन्नातूनच मिळतात, पाण्याचा विचार कशाला, असे इतर म्हणतात. हिशेब मात्र कोणीच करत नाही. तो करून पाहू.

समजा, कूपनलिकेच्या एक लिटर पाण्यात 80 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 30 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे. रोज दोन लिटर प्यायल्यास 160 आणि 60 मिलिग्रॅम मिळतात. आर.ओ.च्या पडद्याने 90 टक्के अडवले, तर 144 आणि 54 मिलिग्रॅम गेले. प्रौढाची रोजची गरज अनुक्रमे 1000 आणि 400 धरली, तर ही तूट गरजेच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढी झाली.

कॅल्शियमची तूट पेलाभर दुधाने भरून निघते. दुधात मॅग्नेशियम मात्र थोडेच असते. त्यासाठी नाचणी, डाळी, पालेभाज्या लागतात. म्हणजे सकस जेवणाऱ्याला धोका नगण्य. पण ज्याच्या ताटात हे पदार्थ नाहीत, त्याची तूट वर्षानुवर्षे चालू राहते. धरणाच्या मृदू पाण्यात गमावण्याजोगे क्षार मुळातच कमी असतात. पण मग तिथे आर.ओ. हवे कशाला, हाही प्रश्न विचारायला हवा.