निवासी डॉक्टरांचे कामाचे तास : एका निर्देशाची चिकित्सा

केंद्र शासनाच्या ५ जून १९९२ च्या निर्देशाने कनिष्ठ निवासी डॉक्टरांसाठी आठवड्यास ४८ व सलग १२ तासांची मर्यादा सांगितली. मात्र 'सामान्यतः' हा शब्द ठेवून तास लवचीक करण्याचा अधिकार वैद्यकीय अधीक्षकांना दिला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेच्या संदर्भात हा निर्देश वाचला की त्यातील उणीव ध्यानी येते. निवासी डॉक्टरच्या प्रबंधावर ज्यांची स्वाक्षरी हवी, त्याच विभागप्रमुखांकडे त्याने जादा तासांची तक्रार कशी करावी? परिचारिकेची उतरंड वेगळी; तिच्या वरिष्ठ अधिसेविका. थकलेल्या डॉक्टरने मध्यरात्री दूरध्वनीवर दिलेल्या मात्रेविषयी तिने शंका घेतली तर तो उद्धटपणा ठरतो, न घेतली तर दोष तिच्या माथी येतो. तात्पर्य, तासांची नोंद विभागाबाहेरील व्यक्तीने तपासल्याखेरीज ही मर्यादा कागदावरच राहते.