‘पास्ट लाइव्ह्ज’: कॉलवरची शांतता आणि समोरासमोरची शांतता

सेलीन साँग यांच्या ‘पास्ट लाइव्ह्ज’ (२०२३) या चित्रपटात बालपणी ताटातूट झालेले नोरा आणि हे संग १२ वर्षांनी स्काइपवर भेटतात. ती न्यूयॉर्कमध्ये, तो सोलमध्ये. दोन्ही शहरांच्या घड्याळांत उन्हाळ्यात १३ आणि हिवाळ्यात १४ तासांचा फरक असतो. नोराकडे रात्रीचे ११ वाजतात, तेव्हा त्याच्याकडे दुसऱ्या दिवसाची दुपार झालेली असते.

हे कॉल पाहताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. मध्येच चित्र गोठते, आवाज तुटतो. त्यामुळे समोरचा गप्प झाला, तर तो भावनेने गप्प झाला की नेटवर्क गेले, हे चटकन कळत नाही. म्हणून दोघांना बोलत राहावे लागते. प्रत्यक्ष भेट मात्र ठरत नाही. त्याला भाषा शिकायला चीनला जायचे आहे, तिला न्यूयॉर्कमध्ये लेखिका म्हणून उभे राहायचे आहे. शेवटी काही काळ बोलणे थांबवू या, असे नोराच सुचवते.

आणखी १२ वर्षांनी तो न्यूयॉर्कला येतो, तेव्हा तिचे लग्न झालेले असते. निरोपाच्या वेळी गाडीची वाट पाहत दोघे एकमेकांकडे बघत नुसते उभे राहतात. हाच प्रसंग स्काइपवर घडला असता, तर चित्र गोठले असेच वाटले असते. इथे मात्र त्या शांततेचा अर्थ लगेच कळतो. आधीचे अडखळते कॉल पाहिले असल्यामुळेच ती इतकी जड वाटते.