मुलाखत मंडळाचे मूल्यमापन पत्रक आणि गुणांकनाचे निकष : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकपदाची निवड झाल्यावर इतिवृत्ताला जोडून जी कागदपत्रे दप्तरी जातात, त्यांत सर्वांत कमी वाचला जाणारा कागद म्हणजे निवड समितीच्या सदस्यांनी भरलेले मूल्यमापन पत्रक. त्यावर उमेदवाराचे नाव, चार-पाच शीर्षके, त्यांपुढे गुण आणि शेवटी स्वाक्षरी असते. निवडीला आव्हान दिले जाते तेव्हा मात्र हाच कागद प्रथम मागवला जातो. तो 'अमुक उमेदवार का निवडला?' या प्रश्नाचे उत्तर देतो की केवळ 'अमुक उमेदवार निवडला' एवढेच सांगतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी शैक्षणिक कामगिरी व संशोधन ५० टक्के, विषयज्ञान व अध्यापनकौशल्य ३० टक्के आणि मुलाखत २० टक्के असा भारांक होता. २०१८ च्या विनियमांनी ही विभागणी बदलली. शैक्षणिक गुणांकाचा उपयोग केवळ मुलाखतीस पात्र उमेदवारांची यादी करण्यापुरता राहिला आणि अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवरच करावी, अशी तरतूद आली. परिणामी, पूर्वी ज्या पत्रकावर निर्णयाचा लहानसा भाग अवलंबून होता, त्याच पत्रकावर संपूर्ण निर्णयाचा भार पडला. पत्रकाचा नमुना मात्र बहुतेक ठिकाणी जुनाच राहिला.

न्यायालयीन भूमिका

या संदर्भात न्यायनिर्णयांचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला जातो. अजय हसिया खटल्यात (१९८१) श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशप्रक्रिया तपासताना सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला एकूण गुणांच्या एक तृतीयांश भारांक देणे मनमानीचे ठरवले. तेथील मुलाखती दोन-तीन मिनिटांत आटोपल्या होत्या आणि विषयाशी संबंध नसलेले प्रश्न विचारले गेले होते, अशी तक्रार होती. उलट, त्याच वर्षीच्या लीलाधर खटल्यात न्यायिक सेवेच्या निवडीसंबंधी न्यायालयाने असे मानले की, प्रौढ उमेदवारांच्या बाबतीत मुलाखतीला अधिक भारांक देता येतो आणि मुलाखतीचे गुण वेगवेगळ्या शीर्षकांत विभागले नाहीत एवढ्यावरून निवड दूषित ठरत नाही. निवड समितीच्या निर्णयावर न्यायालय अपील ऐकत नाही, हे दलपत आबासाहेब सोळुंके खटल्यात (१९९०) स्पष्ट झाले.

यावरून 'पत्रक ढोबळ असले तरी चालते' असा सोयीचा निष्कर्ष काढला जातो. तो अपुरा आहे. न्यायालय गुणांची फेरतपासणी करीत नाही, परंतु प्रक्रिया मनमानी होती का, हे पाहते. के. मंजुश्री खटल्यात (२००८) प्रक्रिया पार पडल्यानंतर मुलाखतीसाठी किमान गुणांची अट लावणे अवैध ठरले. तेज प्रकाश पाठक खटल्यात (२०२४) पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे तत्त्व कायम ठेवले. त्याचबरोबर, नियमांच्या चौकटीत राहून निवडीची पद्धत ठरवण्याची मुभा संस्थेला आहे, मात्र ती पद्धत पारदर्शक, भेदभावरहित आणि उद्दिष्टाशी सुसंगत हवी, असेही सांगितले. तेव्हा पत्रकासंबंधीचा खरा प्रश्न एवढाच उरतो की, निकष केव्हा ठरले आणि गुण कशाच्या आधारे पडले?

प्रचलित पत्रकातील उणिवा

प्रचलित नमुन्यात साधारणतः 'व्यक्तिमत्त्व', 'विषयज्ञान', 'अध्यापनकौशल्य', 'संवादकौशल्य' आणि 'एकूण प्रभाव' अशी प्रत्येकी २० गुणांची पाच शीर्षके आढळतात. यांतील पहिली उणीव म्हणजे शीर्षके परस्परांत मिसळलेली आहेत. अस्खलित बोलणाऱ्या उमेदवाराला व्यक्तिमत्त्व, अध्यापन, संवाद आणि एकूण प्रभाव या चारही ठिकाणी एकाच गुणाचे श्रेय मिळते. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये ज्याला प्रभामंडल परिणाम म्हटले, त्याला असे पत्रक आळा घालत नाही. उलट त्याची चार वेळा नोंद घेते.

दुसरी उणीव अंकांच्या अर्थाची आहे. २० पैकी १४ म्हणजे काय, हे कोठेही लिहिलेले नसते. एका सदस्याच्या लेखी १४ गुण उत्तम पाठाचे असतात, तर दुसऱ्याच्या लेखी ते जेमतेम पाठाचे. यातून तिसरी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी उणीव निर्माण होते. सर्वांच्या गुणांची सरासरी काढली की ज्या सदस्याच्या गुणांत अंतर अधिक, त्याचे मत अधिक वजनदार ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. अर्थशास्त्राच्या एका पदासाठी 'क' आणि 'ख' हे दोन उमेदवार आहेत आणि समितीचे पाच सदस्य १०० पैकी गुण देतात. पहिल्या चौघांनी 'क'ला अनुक्रमे ६८, ७०, ६६ आणि ६७, तर 'ख'ला ६४, ६६, ६३ आणि ६५ गुण दिले. पाचव्या सदस्याने, जो विषयतज्ज्ञ आहे, 'क'ला ४५ आणि 'ख'ला ८० गुण दिले. 'क'ची सरासरी ६३.२ आणि 'ख'ची ६७.६ येते. चौघांनी 'क'ला वरचे स्थान दिले असताना निवड 'ख'ची होते. चौघांनी मिळून 'क'ला दिलेली आघाडी १३ गुणांची आहे. एकट्या पाचव्याने 'ख'ला दिलेली आघाडी ३५ गुणांची आहे.

'क'ने या निवडीला आव्हान दिल्यास पत्रकाकडे उत्तर नाही. पाचव्या सदस्याने पक्षपात केला, असे म्हणता येईल. इतर चौघांना जे कळले नाही ते त्यालाच कळले, असेही म्हणता येईल. पत्रकावर केवळ अंक असल्याने या दोहोंतील फरक दाखवता येत नाही. सरासरीऐवजी मध्यका घेतली तर 'क'चे ६७ आणि 'ख'चे ६५ होतात व निकाल उलटतो. पण म्हणून तो अधिक न्याय्य होतो असे नाही. त्यात विषयतज्ज्ञाचे निरीक्षण न वाचताच बाजूला पडते. तात्पर्य, हा दोष केवळ गणिती युक्तीने दूर होणारा नाही.

वर्णनयुक्त श्रेणीचे पत्रक

यावरील उपाय म्हणजे प्रत्येक श्रेणीपुढे वर्तनाचे वर्णन असलेले पत्रक, ज्याला रुब्रिक म्हणतात. स्मिथ आणि केंडल यांनी १९६३ मध्ये अशा वर्णनयुक्त श्रेणींची पद्धत मांडली. यात शीर्षके थोडी आणि परस्परांपासून वेगळी असतात. उदाहरणार्थ, विषयज्ञान, पाठाची मांडणी, विद्यार्थ्यांच्या शंकांना प्रतिसाद आणि संशोधनाची दिशा. प्रत्येकासाठी १ ते ५ श्रेणी असते आणि भारांक अनुक्रमे ६, ६, ४, ४ ठेवल्यास कमाल बेरीज १०० होते.

वरील उदाहरणात दोन्ही उमेदवारांना 'मागणीची लवचिकता' हा एकच विषय दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिक पाठासाठी दिला होता, असे समजू. विषयज्ञानाच्या श्रेणींचे वर्णन पुढीलप्रमाणे करता येईल. श्रेणी १ : मूलभूत संकल्पनेत चूक होते आणि प्रश्न विचारूनही ती सुधारली जात नाही. श्रेणी ३ : व्याख्या व सूत्र अचूक, परंतु वक्राचा उतार आणि लवचिकता यांतील भेद विचारल्यावरच स्पष्ट होतो. श्रेणी ५ : हा भेद उमेदवार स्वतःहून मांडतो आणि सरळ मागणी रेषेवर प्रत्येक बिंदूला लवचिकता का बदलते, हे आकडे घेऊन दाखवतो. श्रेणी २ आणि ४ मधल्या स्थितींसाठी. प्रत्येक श्रेणीसोबत सदस्याने उमेदवाराचे जे विधान वा कृती आधार म्हणून धरली, ती एका वाक्यात नोंदवावी.

असे पत्रक भरताना क्रमालाही महत्त्व आहे. निकष व भारांक मुलाखतीच्या दिवसापूर्वी इतिवृत्तात नोंदवावेत. सर्व उमेदवारांना मुख्य प्रश्न समान असावेत. एका उमेदवाराची मुलाखत संपताच, चर्चेपूर्वी, प्रत्येकाने आपले पत्रक शाईने भरावे. एखाद्या शीर्षकात दोन सदस्यांमध्ये दोनाहून अधिक श्रेणींचे अंतर असल्यास त्या शीर्षकाच्या नोंदी वाचून चर्चा करावी. त्यानंतर ज्याला श्रेणी बदलावयाची असेल त्याने मूळ श्रेणी न खोडता नवी श्रेणी कारणासह शेजारी लिहावी. हा नियमही आधीच लिहिलेला असला पाहिजे.

आता 'क'चे पत्रक पुन्हा पाहू. विषयज्ञानात चौघांची श्रेणी ४, पाचव्याची १. त्याची नोंद अशी : 'सरळ मागणी रेषेवर लवचिकता सर्वत्र समान असते असे सांगितले, प्रश्न विचारूनही तेच विधान कायम ठेवले.' हे विधान चुकीचे आहे आणि ते चौघांनीही ऐकले होते. नोंद वाचल्यावर त्यांनी श्रेणी २ केली. पाचव्याने मात्र शंकांना प्रतिसाद या शीर्षकातही १ दिला होता आणि त्यापुढे नोंद नव्हती. आधार विचारता त्याने ती श्रेणी ३ केली. एका चुकीची छाया इतर शीर्षकांवर पडली होती, ती येथे दूर झाली. विषयज्ञानात दोन श्रेणी उतरल्याने चौघांच्या हिशेबी 'क'चे प्रत्येकी १२ गुण कमी होतात. त्यांनी दिलेली आघाडी सरासरी सव्वातीन गुणांची होती. निवड 'ख'चीच होते. निर्णय तोच राहिला, परंतु त्याचा आधार आता एका सदस्याची लेखणी नसून पाचही जणांनी ऐकलेले एक चुकीचे विधान आहे.

पद्धतीच्या मर्यादा

रचनाबद्ध मुलाखतीचा लाभ संशोधनातूनही दिसतो. सॅकेट व सहकाऱ्यांच्या २०२२ च्या पुनर्विश्लेषणात रचनाबद्ध मुलाखत आणि पुढील कामगिरी यांतील सहसंबंध ०.४२, तर रचनारहित मुलाखतीचा ०.१९ इतका आढळला. तथापि ०.४२ हाही पूर्ण सहसंबंधापासून बराच दूर आहे. दहा मिनिटांच्या पाठावरून वर्षभराचे अध्यापन सांगता येत नाही. म्हणून एक-दोन गुणांच्या फरकाला मोठी गुणवत्ता मानणे चूक ठरेल. जवळपास समान गुण असता काय करावयाचे, हेही आधीच ठरलेले असावे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. निर्णय आधी घेऊन पत्रक मागाहून भरले, तर उत्तम रुब्रिकही निरुपयोगी ठरते. त्याच्या खुणा कागदावर दिसतात. सर्व सदस्यांचे गुण शीर्षकवार एकसारखे असतात, बेरीज आधी लिहून शीर्षके नंतर जुळवलेली असतात, आधाराच्या नोंदी केवळ निवडलेल्या उमेदवारापुढे असतात, किंवा पाचही पत्रकांत एकही श्रेणी बदललेली नसते. प्रामाणिक मंडळाच्या पत्रकांत मतभेद दिसणे स्वाभाविक आहे. मतभेदाचा मागमूस नसलेला संच निर्दोष समजला जातो. वास्तविक त्याचीच तपासणी प्रथम व्हावी.

समारोप

कायद्याने शीर्षकवार गुणांची वा कारणांची सक्ती केलेली नाही, हे लीलाधर खटल्यापासून स्पष्ट आहे. परंतु निवड सर्वस्वी मुलाखतीवर आल्यानंतर त्या मुलाखतीची एकमेव लेखी साक्ष म्हणजे मूल्यमापन पत्रक होय. पत्रकात शीर्षके वाढवल्याने वा बेरीज दशांश चिन्हापर्यंत नेल्याने ती साक्ष बळकट होत नाही. आधी ठरलेले वर्णन, चर्चेपूर्वीचे स्वतंत्र गुणांकन आणि प्रत्येक अंकामागे ऐकलेले वा पाहिलेले एक वाक्य, या तीन गोष्टी असतील तर निवड न झालेल्या उमेदवारालाही आपण कोठे कमी पडलो, हे त्याच कागदावरून सांगता येते.