ताप, चेकलिस्ट आणि भामरागड: आरोग्याच्या वेबसाइटची पारख नेमकी कुठे चुकते?

आरोग्याच्या वेबसाइटची गुणवत्ता तपासणारे प्रबंध आपल्याकडे बरेच होतात. पद्धत साधारण ठरलेली असते. एखादा आजार घ्यायचा, त्यावरची पहिली पन्नास पानं शोधायची, चेकलिस्ट लावायची, गुण द्यायचे आणि शेवटी 'बहुतांश संकेतस्थळांची गुणवत्ता मध्यम आढळली' असं लिहायचं. तुम्हीही असा विषय घ्यायच्या विचारात असाल, तर त्याआधी ही पोस्ट वाचा. माझं म्हणणं असं आहे की या चेकलिस्ट पानाचं रूप तपासतात. ते पान वाचणाऱ्याला योग्य दारात नेऊन सोडतं का, हे त्यांतून कळत नाही. आणि गडचिरोलीसारख्या ठिकाणी नेमका तोच प्रश्न जिवावर बेतू शकतो.

आधी चेकलिस्टबद्दल. 1997 साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात चार कसोट्या मांडल्या गेल्या: लेखक कोण, संदर्भ कुठले, मालकी आणि हितसंबंध उघड केलेत का, आणि मजकुरावर तारीख आहे का. आजही बहुतेक प्रबंधांत याच चार सापडतात. दुसरी 'डिसर्न', 1999 ची. तिच्यात सोळा प्रश्न असतात आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण. ही मुळात उपचारांबद्दलची माहिती तपासायला बनवली होती, लक्षणांबद्दलची नाही, हे अनेकजण विसरतात. तिसरा जिनिव्हाच्या 'हेल्थ ऑन द नेट' या संस्थेचा 'एचओएन कोड' शिक्का. ही संस्था 2022 च्या अखेरीस बंद झाली. त्यामुळे आज एखाद्या पानाच्या तळाशी तो शिक्का दिसला, तर त्यामागे आता तपासणारं कुणी नाही एवढंच समजायचं.

आता एक प्रसंग घेऊ. तो कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट तिकडे रोज घडण्यासारखी आहे. ऑगस्ट महिना. एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात चौदा वर्षांच्या मुलाला दोन दिवस ताप आहे. डोकं दुखतंय, दोनदा उलटी झाली, संडास पातळ होतेय. ताप ठरावीक वेळेला येत नाही, सकाळी थोडा उतरतो आणि दुपारी परत चढतो. चंद्रपूरला कॉलेजात शिकणारी त्याची बहीण मोबाइलवर लक्षणं टाकून शोधते. तिला तीन तऱ्हेची पानं दिसतात.

पहिलं पान एका मोठ्या, नावाजलेल्या संकेतस्थळाचं. डॉक्टरचं नाव आहे, तपासणाऱ्याचं नाव आहे, संदर्भ आहेत, तारीख गेल्या महिन्याची. 'जामा'च्या चारही कसोट्या पास. ते सांगतं की ताप, डोकेदुखी, उलटी, जुलाब म्हणजे बहुधा विषाणूजन्य ताप किंवा पोटाचा संसर्ग. पाणी प्या, आराम करा, तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. यात खोटं असं एकही वाक्य नाही. तरीही एटापल्लीच्या त्या मुलासाठी हे पान धोक्याचं आहे.

का, ते आकड्यांनी बघू. आकडे समजावण्यापुरते मानलेले आहेत. समजा, जिथे हिवताप जवळपास नाहीच अशा एका शहरात 10,000 तापाच्या रुग्णांमध्ये 10 जणांना हिवताप असतो. आणि समजा, पावसाळ्यात जंगलातल्या एका गावात 100 तापाच्या रुग्णांमध्ये 15 जणांना असतो. डोकेदुखी-उलटी हिवताप असलेल्या 80 टक्क्यांना होते आणि इतर ताप असलेल्या 70 टक्क्यांना. म्हणजे लक्षण दोन्हीकडे जवळपास सारखंच. शहरात ही लक्षणं असलेले सुमारे 7,000 लोक निघतील आणि त्यांत हिवतापाचे 8. गावात अशी लक्षणं असलेले साधारण 72 निघतील आणि त्यांत हिवतापाचे 12. तेच लक्षण, तोच प्रश्न. पण शहरात शक्यता पावणेनऊशेत एक आणि गावात सहात एक. लक्षणांनी फारसं काही हललंच नाही. सगळा फरक 'तुम्ही कुठे राहता' यानं पडला. आणि नेमकं तेच त्या पानाने विचारलं नाही.

म्हणून लक्षणांच्या पानासाठी पहिली कसोटी ही: पान वाचणाऱ्याला त्याचं ठिकाण विचारतं का? 'तुम्ही हिवतापाच्या भागात राहत असाल किंवा गेल्या काही आठवड्यांत तिथे जाऊन आला असाल तर वेगळं करा' असं एक वाक्य तरी हवं. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची ही नावं त्यात वारंवार येतात. शेजारच्या चंद्रपूर शहरातल्या वाचकाचं गणित वेगळं असेल. पण तोच माणूस आठ दिवस भामरागडला राहून परतला असेल, तर ते लगेच बदलतं.

दुसरं पान खास हिवतापावरचं आहे. तिथे लिहिलंय की हिवतापाचा ताप एक दिवसाआड येतो: आधी थंडी, मग ताप, मग घाम. बहीण वाचते आणि सुटकेचा श्वास टाकते, कारण भावाचा ताप तसा नाही. इथे पाठ्यपुस्तकातलं चित्र घात करतं. गडचिरोलीत फॅल्सिपेरम या जातीच्या परजीवीचा वाटा मोठा आहे आणि त्याचा ताप सुरुवातीला बहुतेक वेळा अनियमितच असतो. मेंदूपर्यंत जाणारा, जीव घेणारा हिवताप मुख्यतः हाच. त्याच पानावर पुढे 'उपचार: क्लोरोक्वीन' एवढंच लिहिलं असेल, तर ते आणखी मागासलेलं आहे. क्लोरोक्वीन व्हायवॅक्स जातीसाठी. फॅल्सिपेरमसाठी भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषधं आहेत, कारण फॅल्सिपेरमने क्लोरोक्वीनला दाद देणं कधीच सोडलंय. पानावरची तारीख ताजी असली तरी मजकूर जुना असू शकतो. 'शेवटचा बदल' म्हणजे कधीकधी फक्त फोटो बदललेला असतो.

यातून दुसरी कसोटी निघते: पान लक्षणांवरून निकाल देतं की तपासणीकडे पाठवतं? हिवताप लक्षणांवरून ओळखता येत नाही, रक्त तपासावंच लागतं. आशाताईंकडे त्यासाठी झटपट तपासणीचं किट असतं. बोटातून रक्ताचा थेंब घेतला की पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो, आणि तोही मोफत. चांगलं पान या तपासणीच्या मर्यादाही सांगतं. फॅल्सिपेरमसाठीची पट्टी ज्या प्रथिनावर चालते, ते बरं झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे नुकताच उपचार झालेल्या माणसात ती उगाच 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. उलट परजीवी फार कमी असतील तर 'निगेटिव्ह' येऊ शकते. म्हणून ताप चालूच राहिला तर पुन्हा तपासणी आणि रक्ताची काच. 'निगेटिव्ह म्हणजे हिवताप नाही, विषय संपला' असं लिहिणारं पान अर्धवट आहे.

तिसरं पान सगळ्यांत जास्त फॉरवर्ड होणारं. 'ताप आणि प्लेटलेट कमी? डेंग्यू! पपईच्या पानांचा रस घ्या.' खाली रसाच्या गोळ्या विकत घ्यायचं बटण. 'जामा'ची हितसंबंधांची कसोटी याला पकडते, हे मान्य करायला हवं. पण खरी चूक बटणाच्या वर आहे: प्लेटलेट हिवतापातही पडतात. त्यावरून डेंग्यू ठरवून घरी रस पाजत बसलं, तर ज्या दोन दिवसांत औषध सुरू व्हायचं तेच निघून जातात. तिसरी कसोटी त्यामुळे अशी: पान थांबायची हद्द सांगतं का? म्हणजे सुस्ती येणं, नीट न बोलणं, झटके, काहीच पोटात न टिकणं, धाप लागणं, लघवी काळपट होणं, यांतलं काहीही दिसलं तर वाचणं बंद करा आणि दवाखान्यात न्या, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे का? लहान मूल आणि गरोदर बाई यांच्यासाठी वेगळी सूचना आहे का?

मग चांगलं पान शोधायचं कसं? 2017 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले. रुबाबदार नाव आणि नीटनेटकी मांडणी यांना अनेकजण फसले. तपासनीस मात्र काही क्षणांत पान सोडून नवे टॅब उघडत होते आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते बघत होते. पानाविषयीचा पुरावा पानाबाहेर असतो, हा त्यातला धडा. आपल्या विषयात बाहेर जाणं म्हणजे राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण केंद्र किंवा जागतिक आरोग्य संघटना यांच्या मार्गदर्शिकेशी तीच दोन-तीन वाक्यं ताडून पाहणं. आणि शब्द बदलून पाहा. सरकारी मराठीत मलेरिया म्हणजे 'हिवताप', जिल्ह्यातला अधिकारीसुद्धा 'जिल्हा हिवताप अधिकारी'. हे टाकून बघा:

```
हिवताप गडचिरोली site:gov.in
```

आता सरकारी पानांचीही बाजू बघा, नाहीतर हे समीक्षण एकांगी होईल. ती बहुतेकदा पीडीएफ असतात, कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेली असतात आणि ताप आलेल्या घराला त्यातून उत्तर काढणं अवघड जातं. माडिया बोलणाऱ्या घरात तर मराठी पानही परक्याच भाषेतलं. म्हणजे खात्रीचं पान वाचता येत नाही, आणि वाचता येणारं पान खात्रीचं नाही. चेकलिस्टच्या गुणांत ही दरी दिसतच नाही.

स्वयंचलित 'लक्षण तपासनीस' यावर उपाय ठरतील असं वाटत असेल, तर 2015 चा 'बीएमजे'मधला अभ्यास वाचा. 23 तपासनिसांना 45 नमुना रुग्ण दिले होते. योग्य निदान पहिल्या क्रमांकावर आलं 34 टक्के वेळा, आणि 'कुठे, किती लवकर जावं' हा सल्ला बरोबर होता 57 टक्के वेळा.

तुम्हाला या विषयावर काम करायचं असेल तर माझी सूचना एवढीच. आधी एक ठिकाण, एक ऋतू आणि एक लक्षण ठरवा. तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून 'या माणसाने आज काय करायला हवं' याचं एक उत्तर लिहून ठेवा. आमच्या मुलाच्या बाबतीत ते उत्तर असं: आजच रक्त तपासा, किट नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि सुस्ती दिसली तर थेट रुग्णालय. मग प्रत्येक पान वाचून दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे नोंदवायचं, की हे वाचून तो माणूस तिथे पोहोचेल का: हो, नाही, की उशिरा. 'जामा' आणि 'डिसर्न'चे गुण शेजारच्या रकान्यात लिहा आणि दोन्ही रकाने जुळतात का बघा. चारपैकी चार गुण आणि 'उशिरा' असा शेरा एकाच ओळीत किती वेळा येतो, ते मोजा. प्रबंधाचा निष्कर्ष तिथे असेल.