भाषेचा खण आणि नवा आवाज

मराठीतले नवे स्वतंत्र कलाकार आपोआप कानावर येतील, ही अपेक्षा फोल आहे. गाण्यांच्या ॲपवरची यांत्रिक शिफारस बव्हंशी एकाच निरीक्षणावर चालते: हे गाणे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकले? ज्या गाण्याला अजून मूठभरच श्रोते आहेत, त्याच्याभोवती असे नाते जुळलेलेच नसते. त्यामुळे चित्रपटगीते ऐकणाऱ्याला पुन्हा चित्रपटगीतेच मिळत राहतात. संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४मध्ये रील्समधून घरोघरी पोचले. पण असे यश मिळाल्यावरच यंत्र त्या गाण्याची शिफारस हिरिरीने करते.

संपादित यादीचे तसे नसते. स्पॉटिफायवर कलाकार आपले अप्रकाशित गाणे संपादकांकडे विचारार्थ पाठवू शकतो. त्या वेळी संगीतप्रकार, भाव, वाद्ये आणि भाषा ही माहिती द्यावी लागते. श्रोत्यांची संख्या शून्य असली तरी निवड होऊ शकते, कारण ती माणूस करतो.

मात्र भाषेच्या खणालाही मर्यादा आहेत. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅपगटाचे ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) घ्या. आरेतील आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न मांडणाऱ्या या गाण्यात तिथलेच प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. गट अनेक भाषांत गातो आणि गाण्याचे नाव इंग्रजी आहे. ‘मराठी’ असा शब्द टाकून शोधणाऱ्याला ते सापडेलच असे नाही. नुसत्या हिप-हॉपच्या यादीत ते हिंदी-पंजाबी गर्दीत हरवू शकते. म्हणून दोन्ही खण चाळावेत. भाषेच्या यादीत प्रकार शोधावा आणि प्रकाराच्या यादीत भाषा.

नाव सापडले की ते स्वतंत्र आहे का, हे तपासावे. अल्बमच्या तळाशी ℗ या चिन्हापुढे ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे नाव असते. तिथे कलाकाराचे स्वतःचे नाव असेल तर तो बहुधा स्वतंत्र. ‘Records DK’ आणि त्याआधी आकडा दिसला तर गाणे डिस्ट्रोकिड या वितरकामार्फत, स्वतःचे लेबल न देता चढवलेले. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचे नाव असेल तर ‘इंडी’ ही पाटी केवळ शैलीपुरती आहे असे समजावे. मग गीतकार, संगीतकार, निर्माते यांची नावे टिपून त्यांची इतर कामे ऐकावीत. पुढचा नवा आवाज बहुतेकदा तिथूनच मिळतो.

संपादितपणाचा शिक्काही डोळे झाकून मानू नये. संगणकावर यादी उघडल्यास प्रत्येक गाण्यापुढे ते यादीत केव्हा आले, ती तारीख दिसते. महिनोन्महिने नवी तारीख दिसत नसेल, किंवा नव्या तारखांपुढेही त्याच दोन-तीन कंपन्या असतील, तर ती यादी शोधाची नसून दुकानाची दर्शनी काच आहे. शिवाय काढलेले गाणे मागे खूण ठेवत नाही. म्हणून मी आवडलेली नावे वहीत तारखेसह उतरवतो. जिथे यादी रोज पुसली जाते, तिथे दस्तऐवज श्रोत्यालाच ठेवावा लागतो.