पाळी बदलणारा बॉट आणि त्याची तीन मापे

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या कोल्हापूरच्या परिसरातील औद्योगिक वसाहतींत फौंड्रीचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालतो. भट्टी वारंवार थंड करणे परवडत नसल्यामुळे अशा कारखान्यांत रात्रपाळी ओघानेच येते आणि तिच्याबरोबर पाळ्यांच्या अदलाबदलीचा प्रश्नही येतो. हे काम पूर्वी मुकादमाच्या वहीत होत असे. आता ते कामगाराच्या फोनवरील संदेश वाचून पाळी बदलून देणाऱ्या बॉटकडे सोपविता येते. त्याचे काम कसे चालले आहे हे पाहण्यासाठी एक साधा डॅशबोर्ड लावण्याचा प्रघात आहे. त्यावर तीन आकडे असतात: दिवसाकाठी किती विनंत्या निकालात निघाल्या, म्हणजे उरक, उत्तर मिळण्यास किती वेळ लागला, म्हणजे विलंब, आणि किती विनंत्या फसल्या, म्हणजे चुकीचे प्रमाण. हे तीन आकडे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाची परीक्षा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

एक कल्पित परंतु सर्वस्वी संभाव्य उदाहरण घेऊ. रात्रपाळी अकराला सुरू होऊन सकाळी सातला संपते. सोमवारच्या रात्रपाळीवर असलेला एक कामगार मध्यरात्रीनंतर बारा वाजून चाळीस मिनिटांनी संदेश धाडतो: ‘उद्याची नाईट नको, दिवसपाळी द्या.’ घड्याळाच्या हिशेबाने मंगळवार लागलेला आहे. म्हणून बॉट ‘उद्या’ म्हणजे बुधवार असा अर्थ लावतो, बुधवारची रात्रपाळी बदलतो आणि दोन सेकंदांत ‘बदल झाला’ असे कळवितो. कामगाराचा सोमवार मात्र अद्याप संपलेला नाही. त्याचे ‘उद्या’ म्हणजे मंगळवारची रात्र. ही केवळ बोलण्यातील सैल पद्धत आहे असेही म्हणता येत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५७ व्या कलमाने मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीबाबत नेमका हाच हिशेब स्वीकारला होता: मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात धरावयाचे, आणि कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून मोजावयाचा. म्हणजे कायद्याची आणि कामगाराची दिनगणना एक, बॉटची तेवढी निराळी.

आता डॅशबोर्डकडे पाहावे. उरकात एकाची भर पडली, विलंब दोन सेकंदांचा, चूक शून्य. दुसऱ्या दिवशी यादीत आपले नाव रात्रपाळीतच आहे हे पाहून कामगार आणखी दोन संदेश धाडतो: एक बुधवारचा बदल रद्द करण्यासाठी, दुसरा मंगळवारची पाळी बदलून घेण्यासाठी. दोन्ही तत्काळ निकालात निघतात. गरज एक होती. उरक तीन झाला, आणि तिन्ही उत्तरे जलद असल्याने विलंबाची सरासरीही उतरली. चुकीने या आकड्यांना बाधा तर आणली नाहीच, उलट तिने ते सुधारले. याच्या उलट, एखादा सावध बॉट ‘मंगळवारची रात्र की बुधवारची?’ असे विचारतो. कामगार भट्टीपाशी आहे. तो अर्ध्या तासाने उत्तर देतो. काम बिनचूक होते, परंतु फलकावर हा बॉट आळशी ठरतो. जो व्यवस्थापक केवळ या तीन आकड्यांवर भिस्त ठेवील, तो नकळत विचारणाऱ्या बॉटपेक्षा तर्क लढविणाऱ्या बॉटला पसंती देईल.

दोषाचे मूळ ‘चूक’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. बॉट स्वतः ‘समजले नाही’ असे सांगतो किंवा त्याची यंत्रणा बंद पडते, तेवढीच चूक फलकावर चढते. तिला जाहीर चूक म्हणू. समजले नसता समजल्यासारखे वागणे ही मूक चूक होय, आणि ती मोजण्याचे साधन बॉटजवळ असू शकत नाही. मराठीत तिला वाव पुष्कळ आहे. ‘परवा’ हा शब्द मागे आणि पुढे दोन्हीकडे चालतो. ‘परवाची नाईट मी केली, तेवढी बदलून धरा’ या वाक्यात काळाचा निर्णय ‘केली’ हे क्रियापद करते. केवळ दिवसवाचक शब्द वेचणारा बॉट येथे पुढची पाळी बदलून मोकळा होतो.

मूक चूक हजेरीपटावरून काढावी असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु चुकीच्या यादीत नाव दिसले तरी पुष्कळ कामगार निमूटपणे त्याच पाळीला येतात; पट जुळतो, हेतू जुळत नाही. म्हणून मूळ संदेशच वाचावयास हवेत. समजा, आठवड्यात बॉटने ३८० विनंत्या ‘बदल झाला’ म्हणून निकालात काढल्या. त्यांतील १०० यदृच्छेने निवडाव्यात आणि ती बोली जाणणाऱ्या दोघांनी, बॉटचे उत्तर न पाहता, संदेशाची वेळ व त्या वेळची पाळी ध्यानात घेऊन स्वतंत्रपणे अर्थ लावावा. सहा ठिकाणी बॉट चुकलेला आढळला, तर सर्व ३८० मध्ये सुमारे तेवीस चुका असाव्यात असा अंदाज निघतो. मात्र नमुना लहान असल्याने खरे प्रमाण तीनपासून बारा टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकेल. एकही चूक आढळली नाही, तरी सुमारे तीन टक्क्यांपर्यंत चुका असण्याची शक्यता उरतेच. म्हणून फलकावर टक्केवारीशेजारी तपासलेल्या संदेशांची संख्या लिहिणे अगत्याचे आहे. शिवाय मध्यरात्र ते सकाळी सात या वेळेतील संदेश संख्येने थोडे, पण धोक्याने अधिक. यदृच्छ निवडीत ते मोजकेच हाती येतात. ते सर्वच्या सर्व तपासावेत आणि त्यांचा आकडा वेगळा द्यावा.

दोन वाचकांचे जेथे आपसात जुळत नाही, ती स्थळे टाकून देण्याची नव्हेत. तेथे संदेशच संदिग्ध आहे, आणि अशा ठिकाणी बॉटने विचारणे हेच योग्य उत्तर होय. त्या विचारण्याचा वेळ विलंबाच्या खाती दोष म्हणून मांडू नये. यासाठी विलंबाच्या दोन रेषा हव्यात: पहिल्या उत्तरापर्यंतची आणि कामगाराने ‘होय, हीच’ म्हणेपर्यंतची. दोहोंतही सरासरी फसवी ठरते. दहांपैकी नऊ उत्तरे तीन सेकंदांत आणि एक वीस मिनिटांनी आले, तर सरासरी सुमारे दोन मिनिटे येते. तेवढा विलंब दहांपैकी कोणाच्याच वाट्याला आलेला नसतो. मधले मूल्य आणि शंभरांतील पंचाण्णवाव्या विनंतीचा विलंब, हे दोन आकडे त्यापेक्षा अधिक सांगतात.

उरकाची दुरुस्ती त्या मानाने सोपी आहे. एकाच कामगाराने एकाच आठवड्यातील पाळ्यांविषयी बारा तासांच्या आत धाडलेले संदेश एक गरज म्हणून मोजावेत. एखादी खरोखरच निराळी विनंती त्यात मिसळली जाईल, हा या नियमाचा तोटा आहे. पण संदेशांची संख्या आणि गरजांची संख्या शेजारी-शेजारी ठेवली, तर दोहोंतील अंतर वाढणे हीच मूक चुकीची पहिली खूण ठरते. ते अंतर वाढत असता जाहीर चुकीची रेषा शून्यावर स्थिर असेल, तर फलकाकडे पाहणे थांबवून संदेश वाचावयास घ्यावेत.